साठ माणसं, दोन सारणं आणि ब्रेडचे किती पुडे?

बाबांचा पंचाहत्तरावा वाढदिवस डोंबिवलीतल्या सोसायटीच्या हॉलमध्ये करायचा ठरला. फेब्रुवारीतला रविवार होता, संध्याकाळी साडेपाचची वेळ. जेवण द्यायचं नाही, भरपेट चहापाणी द्यायचं. म्हणजे दोन प्रकारची सँडविचेस, वेफर्स, केक आणि शेवटी कॉफी. वहिनीच्या वहीत नावं होती बरोबर ६०. मी घरगुती ऑर्डरी घेते, म्हणून हिशेब माझ्याकडे आला. पण त्याआधी घरात दोन आकडे तयार होऊन बसले होते.

वहिनी म्हणाली, "अगं, सोपं आहे. साठ माणसं, दोन फिलिंग. प्रत्येकाला दोन्ही मिळायला हवीत की नको? मग साठ दुणे एकशे वीस सँडविचेस."

दादाचं म्हणणं होतं, "वेफर्स आहेत, केक आहे. माणशी एक सँडविच पुष्कळ झालं. साठ."

वहिनीच्या हिशेबाने २४० स्लाइस लागत होते, दादाच्या हिशेबाने १२०. मोठ्या ब्रेडच्या पुड्यांत सांगायचं तर एकीचे बारा पुडे, दुसऱ्याचे सहा. इतका फरक पडतो तेव्हा चूक बेरजेत नसते, मोजायला काय घेतलंय त्यात असते. दोघंही 'सँडविच' मोजत होती, आणि पाहुणा सँडविच उचलतच नाही. तो तुकडा उचलतो.

सँडविच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कापलं की दोन त्रिकोण होतात. ताटलीत येतो तो त्रिकोण. (रस्त्यावरचा सँडविचवाला सहा तुकडे करतो. त्याच्याकडे एक माणूस एक अख्खं सँडविच खातो, त्यामुळे तुकडे कितीही केले तरी त्याचा हिशेब बिघडत नाही. ट्रेमधून उचलायचं असलं की बिघडतो.) म्हणून मी दोघांचे आकडे बाजूला ठेवले आणि त्रिकोण मोजायला घेतले.

यादीतली माणसं तीन गटांत पाडली. बारा मुलं होती, सगळी दहाच्या आतली. बाबांच्या बरोबरीची, सत्तरीच्या पुढची चौदा माणसं. उरलेली ३४ धडधाकट खाणारी. मुलं आणि आजीआजोबा दोन त्रिकोणांवर थांबतात, म्हणजे २६ माणसांचे ५२. बाकीची मंडळी संध्याकाळी साडेपाचला, दुपारचं जेवण पचवून आलेली, चार त्रिकोण सहज खातात, म्हणजे १३६. एकूण १८८ त्रिकोण, म्हणजे ९४ सँडविचेस. सरासरी काढली तर माणशी तीन त्रिकोणांच्या जरा वर.

माझा अंदाजाचा आकडाही तोच असतो. सँडविचच्या जोडीला आणखी दोन-तीन पदार्थ असतील तर माणशी दीड सँडविच. सँडविच हाच मुख्य पदार्थ असेल तर दोन. जेवणाआधी नुसतं तोंडात टाकायला असेल तर एक. साठ जणांना दीडने ९० होतात. गटवार हिशेब ९४ सांगत होता, घाऊक हिशेब ९०. दोन वाटांनी जाऊन चारचाच फरक पडला, तेव्हा मी ९० पक्की धरली आणि वरचं सगळं राखीव खात्यात टाकलं.

वहिनीला मात्र हे पटेना. "मग दोन्ही फिलिंगचं काय?"

तिच्या प्रश्नात अर्थ होता. दोन प्रकार आहेत म्हणून माणूस दुप्पट खात नाही, पोट तेवढंच असतं. पण दोन प्रकार ठेवले की उचलण्याची पद्धत बदलते. पहिल्या फेरीत जवळजवळ प्रत्येक जण दोन्हींतला एकेक उचलतो, चव बघायला. तिथे आवडनिवड नसते. आवड दिसते ती दुसऱ्या फेरीत. म्हणजे माणशी तीन त्रिकोण धरले तर पहिले दोन ठरलेले असतात, एक या सारणाचा आणि एक त्या. प्रश्न उरतो तिसऱ्याचा.

त्यामुळे ९० चे सरळ ४५ आणि ४५ करण्याआधी तिसरा त्रिकोण कुठे जाईल याचा विचार करावा लागतो. ६० त्रिकोण पहिल्या सारणाचे आणि ६० दुसऱ्याचे, हे नक्की. उरलेले ६० आवडीप्रमाणे वाटले जाणार. आमची दोन सारणं होती. एक हिरवी चटणी, काकडी, टोमॅटो, आणि दुसरं चीज, गाजर, सिमला मिरची. मी म्हटलं, मुलं आहेत, तरुण मंडळी आहे, चीज जास्त उडणार. दुसऱ्या फेरीतल्या ६० पैकी ४० चीजकडे, २० चटणीकडे. म्हणजे चीजचे १०० त्रिकोण आणि चटणीचे ८०, सँडविचेसमध्ये ५० आणि ४०.

हा ५०-४० चा आकडा पुढे माझ्याच अंगाशी आला. तो कसा आला ते सांगतेच, पण आधी ब्रेड.

आमच्याकडच्या बेकरीत सँडविचचा मोठा चौकोनी ब्रेड मिळतो. पुड्यात किती स्लाइस आहेत हे कुणीच सांगत नाही, वेष्टनावर वजन असतं फक्त. आणि त्याच वजनाच्या ब्रेडचे स्लाइस जाड कापले तर कमी भरतात, पातळ कापले तर जास्त. म्हणून आठवडाभर आधी मी एक पुडा घरी आणून मोजला. २२ स्लाइस निघाले, त्यांत दोन टोकाचे. टोकाच्या स्लाइसला एका बाजूने पूर्ण कड असते. त्याचं सँडविच खाता येतं, पण ट्रेमध्ये ठेवलं तर शेवटपर्यंत तेच उरतं. ते धरायचेच नाहीत. उरले २०, म्हणजे एका पुड्याची १० सँडविचेस.

इथे वहिनीने पेन घेतलं आणि दोन सारणांचा वेगवेगळा हिशेब मांडला. तो नेमका ५० आणि ४० असल्यामुळे तिचं उत्तर चुकलं नाही. चीजला १०० स्लाइस म्हणजे पाच पुडे, चटणीला ८० म्हणजे चार, एकूण नऊ. पण ही पद्धत नेहमी चालत नाही. समजा वाटणी ४६ आणि ४४ अशी असती. मग ९२ स्लाइसना पाच पुडे आणि ८८ स्लाइसनाही पाच पुडे, एकूण दहा झाले असते. खरी गरज मात्र १८० स्लाइसचीच, म्हणजे नऊ पुड्यांची. ब्रेडला आत काय जाणार हे माहीत नसतं. तो दोन्ही सारणांना सामाईक आहे, म्हणून आधी सगळे स्लाइस एकत्र मिळवायचे, मग पुड्यांनी भागायचं आणि वरच्या पूर्ण आकड्याला जायचं. तीन-चार सारणं असतील तर वेगवेगळं भागल्याने दोन-तीन पुडे उगाच वाढतात, आणि ब्रेड काही तांदळासारखा डब्यात भरून ठेवता येत नाही.

सारणाचं याच्या बरोबर उलट आहे. चटणी कमी पडली तर चीज तिची जागा घेऊ शकत नाही. म्हणून राखीव ठेवताना मी एक करते. ब्रेडचा एकच पुडा जादा घेते, पण सारणं दोन्ही दहा-दहा सँडविचेसपुरती जास्त करून ठेवते. तो दहावा पुडा बंदच ठेवायचा. समारंभ अर्ध्यावर आला की जे संपत चाललंय त्यात तो घालायचा. आधीच पाच-पाच वाटून टाकला तर एकीकडे पाच उरतात आणि दुसरीकडे पाच कमी पडतात, दोन्ही एकदमच. उरलेल्या चटणीचं आणि किसलेल्या चीजचं दुसऱ्या दिवशी घरात काहीही होतं. लावून ठेवलेल्या सँडविचचं फार काही होत नाही.

तर बेकरीत दहा पुड्यांची ऑर्डर दिली. शनिवारी संध्याकाळी उचलायचे होते, रविवारी सकाळी नव्हे. भट्टीतून नुकता आलेला ब्रेड इतका मऊ असतो की लोणी लावताना सुरीबरोबर गोळा होऊन येतो. एक रात्र गेली की तो जरा धरतो. सँडविचला तसाच लागतो.

शनिवारी गेले तर बेकरीवाले काका म्हणाले, "ताई, मोठे आठच राहिले. दोनच्या जागी हे दोन छोटे न्या, ४०० ग्रॅमचे. पैसे कमीच घेतो."

दोनाच्या जागी दोन, ऐकायला बरोबर वाटतं. छोटा पुडा तिथेच उभ्याने बाहेरून मोजला. पारदर्शक वेष्टनातून कडा मोजता येतात, नखाने सरकत सरकत. सोळा होते. टोकाचे दोन गेले की १४, म्हणजे सात सँडविचेस. मोठ्या दोन पुड्यांचे ४० स्लाइस गेले होते आणि छोट्या दोनांनी २८ च मिळणार होते. सहा सँडविचेस तिथेच गायब. मी तीन छोटे घेतले. आठ मोठ्यांचे १६०, तीन छोट्यांचे ४२, एकूण २०२. हिशेब जुळला.

पण छोट्या ब्रेडचा स्लाइस आकारानेही लहान असतो. मोठ्यावर छोटा ठेवून सँडविच होत नाही, आणि एका ट्रेमध्ये मोठे-छोटे त्रिकोण मिसळले तर मोठे आधी उचलले जातात, छोटे बिचारे पडून राहतात. म्हणून ते ४२ स्लाइस सगळे चीजकडे वळवले. त्यांची २१ सँडविचेस झाली, मुलांच्या टेबलावर ठेवायला आयतीच. चीजची उरलेली २९ मोठ्या ब्रेडची, त्यांना ५८ स्लाइस. चटणीला ८०. मोठ्यांतले २२ राखीव.

सारणाचं सामान थोडक्यात सांगते. लोणी दर स्लाइसला साधारण ५ ग्रॅम लागतं, छोटा चमचा सपाट भरून. १८० स्लाइसना ९०० ग्रॅम, म्हणून अर्ध्या किलोची दोन पाकिटं. यात काटकसर करू नये. लोणी चवीला असतं तितकंच ते आडोशालाही असतं. काकडी-टोमॅटोचं पाणी ब्रेडमध्ये उतरू न देण्याचं काम तेच करतं, आणि त्यासाठी ते कडेपर्यंत पोचायला हवं. मध्यभागी लोण्याचा ठिपका आणि कडा कोरड्या असं सँडविच अर्ध्या तासात कोपऱ्यात ओलं होतं. उचललं की नेमका तोच कोपरा गळून पडतो.

चटणी सँडविचमागे १० ग्रॅम, एकाच स्लाइसला. चाळीस अधिक दहा राखीव धरून अर्धा किलो. त्यात मूठभर डाळं वाटून घातलं की ती पळत नाही, आणि लिंबू सढळ हाताने पिळलं की काळी पडत नाही. वाटताना पाण्याऐवजी बर्फाचे दोन खडे टाकावेत, मिक्सर तापला की रंग जातो. काकडीच्या सहा चकत्या म्हणजे ३० ग्रॅमच्या आसपास, टोमॅटोच्या तीन चकत्याही तितक्याच. पन्नास सँडविचेसना दीड-दीड किलो पुरतं. सोलणं आणि कडू निघणं धरून काकडी दोन किलो आणली. चटणीच्या सँडविचला आपण एरवी उकडलेला बटाटा घालतोच, पण तो आम्ही मुद्दाम गाळला होता आणि चटणीत आलंही नव्हतं. शेजारचं जैन कुटुंब यायचं होतं, चार माणसं. त्यांच्यासाठी वेगळी सँडविचेस करून ओळखायला काड्या टोचत बसण्यापेक्षा तो अख्खा प्रकारच त्यांना चालेल असा करावा, ही वहिनीची कल्पना. उत्तम कल्पना होती. तिचा हिशेबावर काय परिणाम होईल याचा विचार मात्र मी केला नाही.

चीजच्या सारणाला एक किलो चीज, पाऊण किलो गाजर आणि पाव किलो सिमला मिरची. सगळं मिळून दोन किलो, म्हणजे पन्नास सँडविचेसना प्रत्येकी ४० ग्रॅम. बांधायला थोडा चक्का आणि मिरपूड. गाजराचा कीस घट्ट पिळून घ्यायचा, नाहीतर चटणीपेक्षा हेच आधी ओलं होतं. राखीव दहाचं चीज मी वेगळं किसलं नाही, न किसता फ्रिजमध्ये ठेवलं.

रविवारी अडीच वाजता आम्ही चौघं हॉलच्या मागच्या खोलीत बसलो. मी, वहिनी, दादा आणि माझी भाची. दोघांनी लोणी लावायचं, एकाने भरायचं, एकाने मिटवून ट्रेमध्ये रचायचं. लोणी मऊ असेल तर एक माणूस मिनिटाला सहा स्लाइस लावतो. दादाने पाकिटं सव्वादोनला फ्रिजमधून काढली होती. पहिल्या पाच मिनिटांत त्याने चार स्लाइस फाडले. सुरी ओढली की ब्रेडचा पापुद्रा लोण्याला चिकटून येतो आणि मध्ये भोक पडतं. भाचीने लोणी स्टीलच्या पातेल्यात घेऊन ते कोमट पाण्यात धरलं, लाकडी चमच्याने घोटलं, मग सगळं सुरळीत झालं. ते चार स्लाइस राखीव २२ मधून भरून काढले. राहिले १८, म्हणजे नऊ सँडविचेस. दहावा पुडा फक्त पाहुण्यांच्या भुकेसाठी नसतो, तो दादासाठीही असतो.

काकडी-टोमॅटोला मीठ आधी लावलं नाही. मीठ लागलं की दहा मिनिटांत पाणी सुटतं. मीठ-मिरपूड वरून भुरभुरवली ती मिटण्याच्या क्षणी. टोमॅटोच्या बिया काढल्या नाहीत, तेवढा वेळ नव्हता, पण चकत्या जुन्या सुती पंचावर पसरून टिपून घेतल्या. सव्वाचारपर्यंत ९० सँडविचेस मिटून झाली. तेव्हाच कापली नाहीत. कापलेल्या बाजूने सँडविच सुकतं आणि सारण बाहेर डोकावू लागतं. अख्खीच ट्रेमध्ये रचून वर ओलं करून घट्ट पिळलेलं पातळ फडकं घातलं, त्यावर दुसरा ट्रे उपडा. पाच वाजता दातेरी सुरीने दोन-दोन एकावर एक ठेवून कापली. कडा काढल्या नाहीत. कडा काढल्या की सँडविच नाजूक दिसतं, पण ब्रेडचा चांगला चौथा हिस्सा कचऱ्यात जातो, मग माणशी दीडचा हिशेब दोनवर न्यावा लागतो.

साडेपाचला पहिल्यांदा जैन कुटुंब आलं, वेळेवर. ते सूर्यास्तानंतर खात नाहीत, आणि फेब्रुवारीत आमच्याकडे साडेसहाच्या पुढे सूर्य मावळतो. त्यामुळे त्यांना आधी वाढलं. चार माणसांनी मिळून चटणीचे चौदा त्रिकोण घेतले. त्यांना गाजर चालत नाही, म्हणजे चीजचं सँडविच चालत नाही. 'प्रत्येक जण दोन्हींतला एकेक उचलतो' हे माझं गृहीतक पहिल्या पाच मिनिटांतच चार जणांपुरतं मोडलं. आणि ते आधी दिसायला हवं होतं. बटाटा गाळताना ते लोक माझ्या डोक्यात होते, वाटणी करताना नव्हते.

दुसरी चूक केकची. मी धरून चालले होते की मुलं चीजवर तुटून पडतील. पण बाबांनी ठरवलं, मुलं ताटकळतात, केक आधी कापू. पावणेसहाला केक कापला, मुलांनी दोन-दोन तुकडे खाल्ले, वेफर्सच्या वाट्या घेतल्या आणि खाली खेळायला पळाली. बहुतेकांनी सँडविचचा एकच त्रिकोण खाल्ला. आणि बाबांचे मित्र! "चीज नको गं, डॉक्टरांनी सांगितलंय," असं म्हणत त्यातल्या निम्म्यांनी चटणीचेच दोन घेतले.

मी सुरुवातीला दोन्ही सारणांचे निम्मेच त्रिकोण बाहेर ठेवले होते, चीजचे ५० आणि चटणीचे ४०. सगळं एकदम मांडलं तर काय वेगाने संपतंय ते कळत नाही, ढीगच दिसतो. सहाला पाच कमी असताना चटणीचा ट्रे रिकामा झाला, तेव्हा चीजचे अजून एकवीस बाकी होते. चटणीचा उरलेला ट्रे काढला आणि वहिनीला खूण केली. राखीव सगळा ब्रेड चटणीकडे. वादाला जागाच नव्हती. लोणी मऊ होतं, चटणी, काकडी तयार होती. दोघींनी दहा मिनिटांत नऊ सँडविचेस केली, कापली, अठरा त्रिकोण बाहेर गेले. सव्वासातला तेही संपले.

शेवटी मोजलं ते असं. ६० पैकी ५७ माणसं आली. चटणीचे ८० अधिक १८, म्हणजे ९८ त्रिकोण गेले, एकही उरला नाही. चीजच्या १०० पैकी ९१ गेले. एकूण १८९. माणशी ३.३ त्रिकोण, म्हणजे एकूण आकड्याचा अंदाज चांगलाच लागला. वहिनीची १२० केली असती तर ५१ त्रिकोण उरले असते. दादाची ६० केली असती तर सव्वासहाच्या सुमाराला ट्रे रिकामे झाले असते, आणि दादा तेव्हा दारात पाहुण्यांचं स्वागत करत असता.

वाटणीचा अंदाज मात्र उलटा पडला. आता, ९८ आणि ९१ बघून कुणी म्हणेल की दोन्ही जवळपास सारखीच खपली, पुढच्या वेळी निम्मी-निम्मी करा. मी तसं म्हणणार नाही. चीजचा ९१ हा लोकांनी खाल्लेला आकडा आहे, कारण नंतरही चीज ट्रेमध्ये होतं. चटणीचा ९८ हा आम्ही केलेला आकडा आहे. ती संपल्यावर किती जणांनी हात मागे घेतला आणि किती जणांनी नाइलाजाने चीज उचललं, हे ९८ मध्ये दिसत नाही. दोघा-तिघांनी तर मला विचारलंच, "हिरवी संपली का?" आणि चीज घेऊन गेले. म्हणजे चीजच्या ९१ मध्येही थोडी चटणीची भूक लपलेली आहे. रिकामा ट्रे मागणी सांगत नाही, ती निदान किती होती एवढंच सांगतो. हीच मंडळी पुन्हा जमली तर मी नव्वदातली ५० चटणीची आणि ४० चीजची करीन, आणि दहावा पुडा पुन्हा बंदच ठेवीन. मंडळी वेगळी असतील, कॉलेजची पोरं असतील, तर ५०-४० चीजच्या बाजूने ठेवीन आणि माणशी दीडऐवजी दोन धरीन. त्यांना साठ जणांना १२० सँडविचेस लागतील, म्हणजे वहिनीचाच आकडा, फक्त वेगळ्या कारणाने.

राहिले चीजचे नऊ त्रिकोण. रात्री वॉचमनला पाच दिले. चार फ्रिजमध्ये ठेवले, ते सकाळी बाबांनी तव्यावर कुरकुरीत भाजून खाल्ले, डॉक्टरांची आठवण न काढता. आणि अकरा पुड्यांच्या टोकांचे बावीस स्लाइस वहिनीने ताटात पसरून उन्हात वाळवले. त्यांच्या चुऱ्यावर मंगळवारी कटलेट झाली. किती करायची हे तिने मला विचारलं नाही.